पाइलला काँक्रीट किती लागेल? व्यास, खोली आणि ओव्हरब्रेकचा हिशोब

बोअर्ड पाइलच्या साइटवर नवा आलेला इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नात सापडतो. ड्रॉइंगवरच्या व्यास-लांबीने गुणाकार केला तर १४ घनमीटर येतात, प्लँटच्या चलनांची बेरीज मात्र १७ च्या पुढे जाते. मधले तीन घनमीटर गेले कुठे, असं बिलिंगवाला विचारतो आणि उत्तर म्हणून सगळे ‘ओव्हरब्रेक’ एवढाच शब्द फेकतात. ओव्हरब्रेक म्हणजे बोअर ड्रॉइंगपेक्षा मोठा झाल्यामुळे लागणारं जादा काँक्रीट. त्या शब्दाच्या आत काय काय असतं, त्याचा आकडा आधी कसा काढायचा आणि काँक्रीट पडत असतानाच तो कसा तपासायचा, हे इथे एकाच पाइलवर सविस्तर करून बघू.

उदाहरण खाडीकाठचं घेतो, कारण मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात अशा थरांशी गाठ पडतेच: वर मऊ मरीन क्ले, खाली मुरूम, त्याखाली खडक. पाइल १००० मिमी व्यासाचा आहे. बोअर रोटरी रिगने, भिंत धरून ठेवणारा बेंटोनाइटचा चिखल भरून घेतला आहे, वर तात्पुरतं केसिंग म्हणजे पोलादी नळी आहे आणि काँक्रीट ट्रेमीने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या पाइपातून करायचं आहे.

पहिली पायरी: लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत?

व्यासात चूक सहसा होत नाही. चूक होते ती लांबीत, कारण एकाच पाइलला तीन लांब्या असतात आणि साइटवर तिघींनाही ‘डेप्थ’च म्हणतात. म्हणून खोलीचे आकडे बोलण्याआधी सगळं आरएलमध्ये, म्हणजे ठरावीक संदर्भ पातळीपासूनच्या उंचीत लिहून काढा. आपल्या पाइलचे आरएल असे आहेत: केसिंगचा माथा ४.८०, प्लॅटफॉर्म ४.५०, कट-ऑफ लेव्हल २.७० आणि फाउंडिंग लेव्हल उणे १५.३०.

कट-ऑफपासून, म्हणजे तयार पाइलच्या माथ्यापासून तळापर्यंत १८.०० मीटर भरतात. ही बिलाची लांबी. आपल्याकडच्या बहुतेक करारांत पाइलचे पैसे याच लांबीवर, रनिंग मीटरने मिळतात आणि जादा काँक्रीट ठेकेदाराच्या दरातच धरलेलं असतं. त्यामुळे ओव्हरब्रेकचा अंदाज चुकला तर तो खर्च कुणाकडे मागता येत नाही.

दुसरी काँक्रीटची लांबी. ट्रेमीने टाकलेल्या काँक्रीटचा सगळ्यात वरचा भाग बेंटोनाइट आणि गाळात मिसळून कच्चा राहतो आणि तो नंतर फोडून काढावा लागतो. म्हणून काँक्रीट कट-ऑफच्या वर न्यावं लागतं. आयएस २९११ नुसार ट्रेमीचं काँक्रीट प्लॅटफॉर्मपर्यंत आणून वाहू द्यायचं किंवा कट-ऑफच्या किमान एक मीटर वर न्यायचं. इथे आपण एक मीटर धरू. म्हणजे काँक्रीटचा माथा आरएल ३.७० आणि काँक्रीटची लांबी १९.०० मीटर.

तिसरी साउंडिंग चेनवर दिसणारी खोली. ती केसिंगच्या माथ्यापासून मोजली जाते, म्हणजे २०.१० मीटर. केसिंग जमिनीच्या ३० सेंटिमीटर वर आहे हे विसरून कुणी २०.१० मधून थेट १.८० वजा केले, तर पाइल कागदावर ३० सेंटिमीटर लांब होतो. त्यात केसिंग कामाच्या ओघात खचतंही. म्हणून काँक्रीटच्या आधी त्याच्या माथ्याचा आरएल पुन्हा एकदा ऑटो लेव्हलने घ्या.

आणि ही फाउंडिंग लेव्हल ड्रॉइंगवरची चालत नाही. खडक दोन पाइलांमध्येही मीटरभर वर-खाली असतो. खडकातला सॉकेट पूर्ण झाल्यावर, फ्लशिंग झाल्यावर चेन सोडून जो शेवटचा डिप मिळेल, त्यावरूनच लांबी काढायची.

दुसरी पायरी: कागदी आकारमान

वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी, एवढंच. घाईत सूत्र आठवायचं तर व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ हे लक्षात ठेवा, म्हणजे त्रिज्येचा गोंधळ होत नाही. व्यास मीटरमध्येच घ्या.

१ मीटर व्यासाला क्षेत्रफळ ०.७८५४ चौरस मीटर. बिलाच्या १८ मीटरला १४.१४ घनमीटर, काँक्रीटच्या १९ मीटरला १४.९२ घनमीटर. कट-ऑफच्या वरच्या एका मीटरनेच पाऊण घनमीटरचा फरक पडला, आणि याला ओव्हरब्रेक म्हणत नाहीत. टक्केवारी सांगताना कुणी १४.१४ वर काढतो, कुणी १४.९२ वर, आणि मग मीटिंगमध्ये दोघं वेगवेगळे आकडे घेऊन भांडत बसतात. माझं मत, ओव्हरब्रेक नेहमी प्रत्यक्ष भरलेल्या लांबीच्या कागदी आकारमानावर काढावा. म्हणजे इथे १४.९२ वर.

पिंजऱ्याचं लोखंड वजा करायचं का, हेही नवे लोक विचारतात. समजा २५ मिमीचे १६ बार आहेत. त्यांचं एकूण क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक टक्का. तो वजा करू नका. बिलातही तो वजा होत नाही, आणि अंदाजात हा एक टक्का गाठीला असलेला बरा.

तिसरी पायरी: टक्के विसरा, मिलिमीटर धरा

‘दहा टक्के धर’ हा साइटवरचा सर्वांत लाडका सल्ला आहे, आणि तो अर्धवट आहे. बोअरची भिंत ढासळते किंवा घासली जाते ती मिलिमीटरमध्ये. पाइल किती जाड आहे हे मातीला ठाऊक नसतं. समजा भिंत सगळीकडून २५ मिमी खाल्ली गेली, म्हणजे व्यास ५० मिमीने वाढला. ६०० मिमीच्या पाइलमध्ये याचे १७.४ टक्के जादा काँक्रीट होतं, १००० मिमीमध्ये १०.२५ टक्के आणि १२०० मिमीमध्ये ८.५ टक्के. माती तीच, रिग तोच आणि टक्के मात्र दुप्पट. एका साइटवरचे दहा टक्के उचलून दुसऱ्या साइटच्या ६०० मिमीच्या पाइलला लावले की काँक्रीट कमी पडतं ते यामुळेच.

दुसरं असं की आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं. व्यास ५ टक्के वाढला की काँक्रीट १० टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं. कॅलिपर लॉगमध्ये ‘व्यास ८ टक्के जास्त’ असं दिसलं तर ते काँक्रीटचे जवळजवळ १७ टक्के असतात.

म्हणून थर पाडायचे आणि प्रत्येक थराला भिंतीतली वाढ मिलिमीटरमध्ये द्यायची. स्प्रेडशीटमध्ये एका थराला एक ओळ पुरते. B मध्ये व्यास मिमीत, C मध्ये एका बाजूची वाढ मिमीत आणि D मध्ये थराची लांबी मीटरमध्ये:

```
=PI()/4*((B2+2*C2)/1000)^2*D2
```

दोनने गुणायचं विसरू नका. भिंत दोन्ही बाजूंना असते.

चौथी पायरी: आपला पाइल, थराथराने

खालून वर जाऊ, कारण काँक्रीटही तसंच चढतं.

तळाचा ३ मीटरचा सॉकेट, आरएल उणे १५.३० ते उणे १२.३०. रॉक ऑगर किंवा कोअर बॅरलने घेतलेला खडक बऱ्यापैकी साफ कापला जातो. एका बाजूला १० मिमी धरले. चिझलने ठोकून घेतला असता तर मी २० च्या खाली आलो नसतो, कारण चिझल सरळ जात नाही आणि सांध्यांवरून तुकडे निखळतात.

त्यावर ६ मीटर मुरूम, उणे १२.३० ते उणे ६.३०. इथे २० मिमी. मुरूम उभा राहतो, पण बकेट वर-खाली करताना घासला जातो.

त्यावर ५.१० मीटर मरीन क्ले, उणे ६.३० ते उणे १.२०, केसिंगच्या खाली उघडी. इथे ४० मिमी. खरा जुगार याच थरात असतो. बकेट भराभर वर ओढली की खाली पोकळी होऊन भिंत आत खेचली जाते. बेंटोनाइटची पातळी उतरली की भिंतीचा आधार जातो. बोअर रात्रभर उघडा राहिला तर चिखल आत सरकतो, सकाळी तो साफ करताना आणखी माती निघते आणि तिथे बोअरला पोट सुटतं. खाडीकाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते. भरती आली की बाहेरच्या पाण्याची पातळी चढते. बेंटोनाइट बाहेरच्या पाण्यापेक्षा निदान मीटरभर वर हवं. ओहोटीला ठीक असलेली पातळी भरतीला कमी पडू शकते.

सर्वांत वर केसिंगचा भाग, उणे १.२० पासून काँक्रीटच्या माथ्यापर्यंत, ४.९० मीटर. ‘केसिंग आहे म्हणजे ओव्हरब्रेक शून्य’ असं इथे बहुतेक जण लिहितात. कायमच्या लायनरला ते खरं आहे, तिथे लायनरचा आतला व्यास घ्यायचा. आपलं केसिंग तात्पुरतं आहे. १००० मिमीचं टूल मोकळेपणाने जावं म्हणून त्याचा आतला व्यास १०५० मिमी आहे, आणि १० मिमीची प्लेट धरून बाहेरचा १०७० मिमी. केसिंग वर काढलं की प्लेटची जागासुद्धा काँक्रीटच भरणार. म्हणून इथे व्यास १०७० मिमी, म्हणजे एका बाजूला ३५ मिमी. ज्या थराला शून्य लिहिलं जातं, तिथेच साडेचौदा टक्के निघतात.

| थर | लांबी (मी) | वाढ, एका बाजूला (मिमी) | धरलेला व्यास (मी) | काँक्रीट (घमी) |
|---|---|---|---|---|
| खडक | ३.०० | १० | १.०२० | २.४५ |
| मुरूम | ६.०० | २० | १.०४० | ५.१० |
| क्ले | ५.१० | ४० | १.०८० | ४.६७ |
| केसिंग | ४.९० | ३५ | १.०७० | ४.४१ |
| एकूण | १९.०० | | | १६.६३ |

१४.९२ वर १.७१ घनमीटर जादा, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के. बिलाच्या १४.१४ वर बघितलं तर साडेसतरा टक्के. प्लँटचा आणि बिलाचा मेळ का बसत नाही, याचं बरंचसं उत्तर एवढ्यातच आहे. चलनांवरचे बाकीचे कुठे जातात ते पुढे दिसेल.

हे १०, २०, ४० मिमी कुठल्या कोडमधले नाहीत. पहिल्या पाइलसाठी धरलेला हा अंदाज आहे. सैल वाळू किंवा भराव असता तर मी यापेक्षा बरंच जास्त धरलं असतं. साइटवरच्या पहिल्या काही पाइलांची नोंद हातात आली की हे आकडे खोडून खरे लिहायचे.

पाचवी पायरी: मागणी

१६.६३ मध्ये हॉपरला चिकटलेलं, गाडीच्या ड्रममध्ये उरलेलं आणि सुरुवातीला सांडलेलं काँक्रीट नाही. त्याचे ०.३ घनमीटर धरले की १७ होतात. ६ घनमीटरच्या गाड्या असतील तर दोन पूर्ण आणि तिसरी ५ ची.

पण तिसऱ्या गाडीचा आकडा प्लँटला आधीच देऊन टाकू नका. पहिल्या दोन गाड्या पक्क्या करा आणि दुसरी रिकामी होताना डिप घेऊन तिसरीचा आकडा कळवा. प्लँट लांब असेल, रस्त्यात ट्रॅफिक असेल, तर दुसरी अर्धी असतानाच डिप घ्यावा लागतो. तोही चालतो, फक्त हॉपरमधून किती गेलं आणि गाडीत किती आहे याचा अंदाज धरून. रात्री काँक्रीट करत असाल तर प्लँट किती वाजेपर्यंत गाडी भरेल हे आधी विचारून ठेवा. पाव पाइल उरला आहे आणि प्लँट बंद, याहून वाईट फोन साइटवर येत नाही.

सहावी पायरी: डिप घ्या आणि आलेख काढा

इथे मी मुद्दाम रेंगाळतो, कारण वरचा सगळा हिशोब अंदाज आहे आणि खरा पुरावा इथे मिळतो. प्रत्येक गाडीनंतर साउंडिंग चेन सोडून काँक्रीटचा माथा किती वर आला ते बघायचं. बोअरमध्ये किती काँक्रीट गेलं हे गाडीवरून कळतं, किती उंच चढलं हे चेनवरून. या दोन आकड्यांच्या भागाकारातून तिथला खरा व्यास निघतो.

डिप घेण्याची सवय हाताला लागावी लागते. चेनच्या टोकाला दीड-दोन किलोचं वजन हवं. हलकं वजन घट्ट बेंटोनाइटमध्येच तरंगल्यासारखं थांबतं. पिंजऱ्याच्या आत, ट्रेमीपासून दूर, हळू सोडा. काँक्रीटच्या वर साचलेल्या गाळात वजन लोण्यात सुरी जावी तसं रुततं आणि काँक्रीटला टेकलं की खडीची खरखर चेनमधून हाताला कळते. दोन-तीनदा उचलून टेकवा आणि दोन बाजूंना मोजा. दोन्हीकडे बराच फरक आला तर काँक्रीट सगळीकडे सारखं चढत नाही, याची ती खूण आहे. चेनच्या कड्या कामात ताणल्या जातात, म्हणून आठवड्यातून एकदा ती टेपशेजारी आडवी टाकून तपासा.

आता आपला पाइल. पहिली गाडी ६ घनमीटर. खडकात २.४५ जातात, उरलेले ३.५५ मुरुमात ४.१८ मीटर चढतात. माथा आरएल उणे ८.१२ वर, म्हणजे चेनवर १२.९२ मीटर दिसायला हवेत.

समजा प्रत्यक्षात १३.०५ आले. १३ सेंटिमीटर कमी चढलं. घाबरायचं कारण नाही. ट्रेमी पाइपातलं काँक्रीट बाहेरच्या माथ्यापेक्षा उंच उभं असतं, कारण बाहेर बेंटोनाइटचा दाब असतो. २०० मिमीच्या पाइपात एवढ्या खोलीवर असे ०.१५ ते ०.२ घनमीटर अडकतात आणि ते शेवटी पाइलमध्येच जातात. म्हणजे खडक आणि मुरुमाचा अंदाज ठीक आहे.

दुसरी गाडी, एकूण १२ घनमीटर. अंदाजानुसार माथा उणे १.४४ वर आणि चेनवर ६.२४ हवेत. चेन दाखवते ७.१० मीटर. जवळजवळ ८६ सेंटिमीटर कमी. आता पाइपाचं कारण पुरत नाही.

हिशोब करू. या गाडीत माथा उणे ८.२५ पासून उणे २.३० पर्यंत आला. त्यातला १.९५ मीटरचा तुकडा मुरुमात होता, त्याला १.६६ घनमीटर लागले. उरलेले ४.३४ घनमीटर क्लेच्या फक्त ४.०० मीटरमध्ये गेले. ४.३४ भागिले ४.०० म्हणजे १.०८५ चौरस मीटर. याला ०.७८५४ ने भागून वर्गमूळ काढलं की व्यास येतो साधारण १.१७५ मीटर. एका बाजूला ८८ मिमी. आपण ४० धरले होते.

मात्र हे क्लेचं पोट आहे असं वहीत लिहिण्याआधी गाडी तपासा. चलनावर ६ घनमीटर लिहिलं म्हणून ते ६ होत नाही. ताज्या काँक्रीटची घनता २४०० किलो धरली तर ६ घनमीटरचं वजन १४,४०० किलो भरतं. काट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी तोलून निव्वळ वजन १३,८०० आलं, तर गाडीत फक्त ५.७५ घनमीटर होते. पाव घनमीटरने मुरुमात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. कमी आलेली गाडी आणि मोठा झालेला बोअर चेनवर हुबेहूब सारखेच दिसतात. ओळखायचं ते असं, की ओव्हरब्रेक एका थरात दिसतो, तर कमी भरलेल्या गाड्या प्रत्येक थरात सारखाच तुटवडा दाखवतात. आपल्याकडे पहिल्या गाडीत फारसा फरक नव्हता, मोठा फरक फक्त क्लेमध्ये आला. म्हणून संशय मातीवर.

आता तिसऱ्या गाडीचा आकडा. क्लेचे १.१० मीटर राहिले, त्यांना १.०८५ च्या क्षेत्रफळाने १.१९ घनमीटर. केसिंगच्या भागाला ४.४१. एकूण ५.६०, वर वाया जाणारे ०.३ धरून ५.९. म्हणजे ६ ची गाडी मागवायची.

आधी ठरवलेल्या ५ वर अडून बसलो असतो तर काय झालं असतं तेही बघा. ५ मधून ०.३ गेले, ४.७ पाइलमध्ये पोचले, तुटवडा ०.९ घनमीटरचा. केसिंगच्या भागात ते बरोबर एक मीटर होतात. काँक्रीटचा माथा नेमका कट-ऑफवर थांबला असता आणि फोडून टाकायचं सगळं कच्चं काँक्रीट पाइलच्या आत राहिलं असतं. मग चौथी छोटी गाडी येईपर्यंत ट्रेमी अडकवून ठेवा, नाहीतर नंतर कट-ऑफच्या खाली खोदून चांगलं काँक्रीट लागेपर्यंत फोडा आणि पुन्हा भरा.

केसिंग काढताना

तात्पुरतं केसिंग वर येताना काँक्रीट खाली बसतं, कारण प्लेटची जागा भरायची असते. आपल्या आकड्यांत केसिंग आत असताना माथा आरएल ३.८९ वर हवा, म्हणजे चेनवर ०.९१ मीटर. केसिंग निघाल्यावर तो १९ सेंटिमीटर उतरून ३.७० वर येतो. ही कमीत कमी घसरण आहे. केसिंगमागे क्लेमध्ये पोकळी असेल तर माथा आणखी उतरतो आणि ते केसिंग हलेपर्यंत दिसत नाही. म्हणून केसिंग एकदम ओढू नका. मीटरभर उचला, डिप घ्या, मग पुढे. गाडीतलं उरलेलं काँक्रीट तोवर परत पाठवू नका. ड्रायव्हर घाई करतोच.

माथा जास्तच चढला तर

काँक्रीट जास्त लागलं की पैसे जातात. कमी लागलं तर पाइल जाऊ शकतो, आणि नवी मंडळी नेमकी त्याच वेळी खूश होतात.

१००० मिमीच्या पाइलमध्ये ६ घनमीटर टाकून कागदावर जास्तीत जास्त ७.६४ मीटर चढतात. चेन त्याहून जास्त चढ दाखवत असेल, समजा ८.२ मीटर, तर बोअर कुठेतरी ड्रॉइंगपेक्षा अरुंद आहे. क्ले आत सरकून मान पडली असेल, भिंतीचा लगदा काँक्रीटमध्ये कोसळला असेल, किंवा वजन काँक्रीटवर न टेकता त्यावरच्या घट्ट गाळावर टेकलं असेल. तिसरी शक्यता आधी तपासा: जड वजन लावून पुन्हा डिप घ्या. आकडा तोच राहिला तर ट्रेमीचं तोंड काँक्रीटमध्ये निदान दोन मीटर आहे ना ते पाइपाच्या तुकड्यांची लांबी मोजून खात्री करा. पाइप उचलण्याआधीच ही खात्री हवी. खोली, वेळ आणि दोन्ही डिप नोंदवा आणि कन्सल्टंटला त्याच दिवशी कळवा. अशा पाइलवर पुढे इंटिग्रिटी टेस्ट घेतली जाते, तिची मार्गदर्शक तत्त्वं आयएस १४८९३ मध्ये आहेत. नोंद असेल तर टेस्ट करणाऱ्याला कुठल्या खोलीकडे बघायचं ते कळतं.

एकूण आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नका. क्लेमध्ये पोट आणि मुरुमात मान असेल तर दोन्ही एकमेकांना झाकतात आणि शेवटी एकूण ओव्हरब्रेक अगदी नेहमीचे दहा टक्के दिसतात. गाडीगणिक आलेख काढला तरच ते उघडं पडतं.

पुढच्या पाइलसाठी

आपल्या पाइलला शेवटी वाया गेलेलं सोडून १७.६० घनमीटर लागले, म्हणजे कागदी १४.९२ वर १८ टक्के. पुढच्या पाइलला आता सरसकट १८ टक्के लावू नका. क्लेच्या ओळीत ४० च्या जागी लगेच ८८ लिहिणंही घाईचं होईल, कारण एका पाइलचं पोट बोअर रात्रभर उघडा राहिल्यामुळेही असू शकतं. बोअर किती तास उघडा होता, बेंटोनाइट कुठपर्यंत होतं आणि भरती कधी होती, हे क्लेच्या आकड्याशेजारी लिहा. तीन-चार पाइलांचे क्लेचे आकडे एका पट्ट्यात आले तर तो पट्टा धरा. एकच पाइल वेगळा निघाला तर त्याचं कारण त्या पाइलच्या नोंदीत शोधा.

आणि क्लेचे ८८ मिमी खरेच नेहमीचे ठरले, तर केसिंग पाच मीटरने वाढवून क्लेच्या तळापर्यंत नेणं स्वस्त पडतं का, तो हिशोब करून बघा. ५.१० मीटर क्लेमध्ये १.०८५ च्या जागी केसिंगचं ०.८९९ क्षेत्रफळ आलं, की पाइलमागे ०.९५ घनमीटर वाचतात. समोर ठेवायचं ते लांब केसिंगचं भाडं, ते उतरवायला-काढायला लागणारा व्हायब्रो हॅमर आणि रिगचा वाढलेला वेळ. पाइल दहाच असतील तर बहुधा काँक्रीटच स्वस्त. दोनशे असतील तर केसिंगवाल्याला फोन करा.